एकशे एकोणपन्नास शब्दांतून पन्नास

व्याख्यानाच्या पत्रिकेत परिचयाची चौकट लहान असते. ए-चार कागद मधून दुमडला की मागच्या पानावर छायाचित्र, वेळ, ठिकाण आणि नकाशा बसवून जी जागा उरते तिच्यात पन्नास शब्द मावतात. पंचावन्न झाले की अक्षरजुळणी करणारा टंक बारीक करतो, आणि ज्येष्ठ श्रोत्यांना तो वाचता येत नाही. म्हणून पन्नास म्हणजे पन्नासच. हाती येणारा मजकूर मात्र दीडशे शब्दांच्या खाली क्वचितच असतो.

हे काम कसं होतं ते दाखवायला सगळ्यांना माहीत असलेलं नाव बरं, म्हणजे तपशील कुणालाही पडताळून पाहता येतात. समजा, डॉ. जयंत नारळीकरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ खगोलशास्त्रावरचं व्याख्यान आहे आणि पत्रिकेत त्यांचा परिचय छापायचा आहे. अशा वेळी समोर येणारा मजकूर साधारण असा असतो:

"डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे एका सुसंस्कृत व विद्याव्यासंगी कुटुंबात झाला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते, तर आई सुमती संस्कृतच्या विदुषी होत्या. १९५७ साली बनारस येथून बी.एस्सी. झाल्यानंतर ते उच्च शिक्षणासाठी केंब्रिज येथे गेले व तेथे रँग्लर झाले. ज्येष्ठ शास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ साली त्यांनी पीएच.डी. पदवी संपादन केली. हॉयल-नारळीकर सिद्धांत जगभर गाजला. १९६५ साली त्यांना पद्मभूषण या सन्मानाने गौरवण्यात आले. १९७२ साली भारतात परतून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १९८८ साली पुणे येथे आयुका या संस्थेची स्थापना करण्यात आली व २००३ पर्यंत त्यांनी संस्थापक संचालक म्हणून धुरा सांभाळली. युनेस्कोचे कलिंग पारितोषिक, पद्मविभूषण, महाराष्ट्र भूषण, आत्मचरित्रासाठी साहित्य अकादमी पुरस्कार अशा अनेक मानसन्मानांचे ते मानकरी ठरले. नाशिक येथे २०२१ साली झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. विज्ञानकथा हा साहित्यप्रकार मराठीत रुजवण्यात त्यांचा सिंहाचा वाटा आहे."

हे एकशे एकोणपन्नास शब्द आहेत. यात चुकीचं काही नाही, आणि मजकूर वाईट लिहिलाय असंही नाही. तो जन्मापासून क्रमाने चालतो एवढंच. पण याच क्रमाने पहिले पन्नास शब्द घेतले तर मजकूर कुठे तुटतो ते बोट ठेवून मोजून पाहा. पन्नासावा शब्द "तेथे". म्हणजे माणूस केंब्रिजला पोचला आहे, पण अजून रँग्लरही झालेला नाही. "आयुका" हा शब्द शहाण्णवावा आहे आणि "संस्थापक संचालक" ही जोडी एकशे सहा आणि एकशे सातव्या क्रमांकावर. कालक्रमाने लिहिलेल्या परिचयात सर्वांत मोठी गोष्ट जवळजवळ नेहमी शेवटच्या तृतीयांशात असते, कारण ती आयुष्यातही उशिराच घडलेली असते. त्यामुळे वरून कापत आलो तर ती वाचते पण संदर्भ जातो, आणि खालून कापत गेलो तर तीच जाते. मजकूर कापायला घेण्याआधी ठरवायची गोष्ट एकच, ती म्हणजे कुठली ओळख काहीही झालं तरी राहिली पाहिजे.

ती ठरवण्यासाठी आम्ही दोन प्रश्न विचारतो. पहिला, ही ओळख दुसऱ्या कुणाच्या नावापुढे बसेल का? पद्मविभूषण शेकडो जणांच्या नावापुढे बसतं. कलिंग पारितोषिकही अनेकांना मिळालेलं आहे. रँग्लर तर दर वर्षी होतात. मराठी घरात "रँग्लर" या शब्दाला एक वेगळं वजन आहे, १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले तेव्हापासूनचं, त्यामुळे तो शब्द खोडताना हात अडतो. पण ती विद्यार्थिदशेतली कामगिरी आहे, आणि पुढे माणसाने एवढं मोठं काम केलेलं असताना तिला पन्नासात जागा मिळत नाही. आयुकाचे संस्थापक संचालक मात्र एकच झाले. दुसरा प्रश्न, आज या सभागृहात जमलेल्या लोकांशी त्या ओळखीचा काय संबंध? खगोलशास्त्राचं व्याख्यान, श्रोत्यांत महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि आकाशनिरीक्षण करणारे हौशी लोक. त्यांच्यातल्या कुणाला संशोधनाकडे वळायचं असेल तर आयुका हे नाव वाटेत येतंच. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आलं म्हणजे निवड झाली. उत्तरं वेगळी आली तर दुसऱ्या प्रश्नाला झुकतं माप द्यावं, कारण पत्रिका त्या दिवसाच्या श्रोत्यांसाठी छापलेली असते.

परिचय हयात व्यक्तीचा असेल तर त्यांनाच फोन करून विचारता येतं, "एकच गोष्ट छापायची असेल तर कुठली छापू?" हा प्रश्न जरूर विचारावा, पण उत्तर जसंच्या तसं घेऊ नये. बहुतेक माणसं सर्वांत अलीकडचा पुरस्कार सांगतात. त्यांनी ज्या कामावर वीस वर्षं घालवली ते काम त्यांना इतकं सवयीचं झालेलं असतं की ते सांगण्यासारखं वाटत नाही.

निवड झाल्यावर शब्द आवळायला घ्यायचे. मराठीत हे काम पुष्कळ सोपं आहे, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात आणि शब्दमोजणी चालते मधल्या मोकळ्या जागांवर. "कोल्हापूर येथे" हे दोन शब्द, "कोल्हापुरात" हा एक. "१९८८ साली" दोन, "१९८८मध्ये" एक. "पदवी संपादन केली"चं "पदवी मिळवली" होतं. टाटा संस्थेचं वाक्य चौदा शब्दांचं आहे. ते "१९७२पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक" असं केलं तर सात शब्दांत तेच कळतं. सर्वांत मोठी बचत पहिल्या वाक्यात. जन्माचे अठरा शब्द जाऊन नावापुढे कंसात (१९३८–२०२५) आलं की तो एकच शब्द धरला जातो. पण दोन्ही सालांमधल्या रेघेच्या मागेपुढे जागा सोडू नये. सोडली तर वर्डमध्ये त्याचे तीन शब्द होतात, कारण सुटी रेघसुद्धा तो शब्द म्हणून मोजतो.

याची एक मर्यादा सांगायलाच हवी. फक्त आवळून पन्नासवर येता येत नाही. सगळे "येथे", "साली", "या सन्मानाने गौरवण्यात आले" काढले तरी दीडशेच्या मजकुराला शंभराच्या खाली नेणं कठीण जातं. त्यापुढे वाक्यंच सोडावी लागतात. आणि संख्या जुळवण्यासाठी "संस्थापकसंचालक" असे शब्द एकमेकांना चिकटवू नयेत. यंत्र फसतं, चौकटीतली जागा तेवढीच लागते.

सोडायची वाक्यं ठरवताना आई-वडिलांचं पहिलं गेलं, बी.एस्सी. गेलं. पद्मभूषण आणि पद्मविभूषण ही एकाच जिन्याची पायरी, म्हणून वरची ठेवून खालची काढली. इथे मन खात राहतं, कारण १९६५ साली पद्मभूषण मिळालं तेव्हा त्यांना सत्तावीस वर्षंही पूर्ण झालेली नव्हती, आणि हे खरोखर विलक्षण आहे. पण ते सांगायचं तर वय सांगावं लागतं, आणि त्यासाठी सहासात शब्द जातात. तसंच मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी नाव बदलून कथा पाठवली होती हा किस्सा. तो सूत्रसंचालकाने व्यासपीठावरून सांगावा, श्रोत्यांना आवडतो. परिचयात किस्सा घेतला की पन्नासातले पंधरा शब्द एका झटक्यात जातात. टाटा संस्थेचं वाक्य मात्र नाइलाजाने गेलं. ते आयुष्यातलं मोठं पर्व आहे, पण श्रोत्याला आयुका कळल्यावर ते वाक्य नवीन काही सांगत नाही.

आता मुख्य वाक्य. पहिला खर्डा असा झाला: "१९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात स्थापन केलेल्या आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राचे म्हणजेच आयुकाचे ते २००३ पर्यंत संस्थापक संचालक होते." एकवीस शब्द, सगळे बरोबर. तरी वाक्य फसलं आहे, कारण मराठी वाक्यात विशेषणं आधी रांग लावतात आणि जे सांगायचं ते टोकाला जातं. "संस्थापक संचालक" एकोणिसाव्या-विसाव्या शब्दावर आलंय. तिथे पोचेपर्यंत डोळा पुढच्या ओळीवर गेलेला असतो. संस्थेचं पूर्ण नाव एकटंच पाच शब्द घेतं, म्हणजे सगळ्या जागेचा दहावा हिस्सा, आणि पुण्यात ते नाव कुणी उच्चारत नाही. म्हणून वाक्य फोडलं. आधी नाव, केंद्र आणि पद, मग पुढच्या वाक्यात साल आणि कुणासाठी. शब्द जवळजवळ तेवढेच लागले, पण पद बाराव्या शब्दापर्यंत येऊन गेलं.

या दोन शब्दांवर आणखी थोडं थांबायला हवं, कारण कात्री सर्वांत जास्त इथेच चुकते. एक शब्द वाचवायला कुणी "संचालक" काढतं आणि "आयुकाचे संस्थापक" असं छापतं. केंद्र विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केलं, तेव्हा हा दावा खऱ्यापेक्षा मोठा झाला. कुणी "संस्थापक" काढून "आयुकाचे माजी संचालक" लिहितं. तेही खरंच, पण त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला ते लागू पडतं, आणि जी ओळख वाचवायला बसलो होतो ती हातची गेली. दोन शब्द मिळून एक ओळख आहे. अशी जोडी सापडली की आम्ही तिच्याभोवती पेन्सिलने चौकट आखतो, म्हणजे शेवटच्या घाईत तिला कुणी हात लावत नाही.

सिद्धांताच्या बाबतीत असाच धोका आहे. "हॉयल-नारळीकर सिद्धांत जगभर गाजला" यातलं "जगभर गाजला" काढून टाकायला काहीच हरकत नाही. पण उरलेल्या दोन शब्दांतून हौशी श्रोत्याला सिद्धांत कशाचा ते कळत नाही. म्हणून "गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत" असं लिहिलं आणि "फ्रेड हॉयल यांच्यासह" हे तीन शब्द राखले. ते गाळले तर दोघांचं काम एकाचं होतं. याहून वाईट चूक म्हणजे संक्षेपाच्या नादात "स्थिर विश्व सिद्धांताचे जनक" असं लिहिणं. तो सिद्धांत हॉयल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली मांडला. तेव्हा नारळीकर दहा वर्षांचे होते. संक्षेप करताना साल आणि वय शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं की अशा चुका लगेच दिसतात.

पुरस्कारांची यादी आवळताना एक वेगळीच गफलत होते. "विज्ञानप्रसारासाठी कलिंग पारितोषिक व पद्मविभूषण" असं लिहिलं तर एकच कारण दोन्ही सन्मानांना चिकटतं. कलिंग विज्ञानप्रसारासाठीच असतं, पद्मविभूषण तेवढ्याच कारणासाठी नव्हतं. दोन वाक्यं केली, एखादा शब्द जास्त गेला, पण अर्थ सरळ राहिला. "साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त विज्ञानकथाकार" हाही याच जातीचा प्रकार. वाचणाऱ्याला वाटतं की पुरस्कार विज्ञानकथेला मिळाला. तो २०१४ साली आत्मचरित्राला मिळालेला आहे. लांब मजकुरात "आत्मचरित्रासाठी" हा एक शब्द ही गल्लत टाळत होता, आणि कात्रीत तोच पहिला जातो, कारण तो अनावश्यक दिसतो.

नावाआधी "पद्मविभूषण" लावून टाकावं, एका शब्दात काम होईल, हेही सुचवलं जातं. तसं करू नये. हे सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत आणि नावाच्या आगेमागे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केलेलं आहे. वाक्यात क्रियापदासह लिहिलं की प्रश्न मिटतो.

एवढं झाल्यावर परिचय असा उभा राहिला:

"डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलसंशोधन केंद्राचे संस्थापक संचालक. देशभरातल्या विद्यापीठांसाठी १९८८मध्ये स्थापन झालेले हे केंद्र त्यांनी २००३पर्यंत घडवले. त्याआधी केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला होता. विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचे कलिंग पारितोषिक त्यांना १९९६मध्ये मिळाले. २००४मध्ये ते पद्मविभूषणाने सन्मानित झाले. मराठी विज्ञानकथा रुजवणाऱ्यांत ते अग्रणी."

पन्नास शब्द. वाक्यं संपतात बारा, बावीस, तेहेतीस, चाळीस, पंचेचाळीस आणि पन्नासाव्या शब्दावर. ही मोजणी मुद्दाम ठेवलेली आहे. छपाईच्या आदल्या रात्री प्रायोजकाचं बोधचिन्ह मोठं होतं आणि चौकट लहान होते, हे ठरलेलं. तेव्हा जुळणी करणारा कुणाला न विचारता खालून एक वाक्य उडवतो. या मजकुरातून त्याने खालून एक, दोन, तीन, अगदी पाच वाक्यं उडवली तरी जे उरतं ते पूर्ण वाक्य असतं आणि मुख्य ओळख शाबूत असते. शेवटचं वाक्य सर्वांत कमकुवत आहे, "अग्रणी" हा शब्द सैल आहे, आणि म्हणूनच त्याची जागा तिथे आहे. पहिलं वाक्य मात्र क्रियापदाशिवाय ठेवलं. "होते" लिहिलं असतं तर एक शब्द वाढला असता, आणि संस्थापक संचालक ही ओळख भूतकाळात टाकण्याचं कारणही नव्हतं.

तपासणी करताना एक साधी रीत उपयोगी पडते. मजकूर अशा कुणाला तरी द्यायचा ज्याला विषयाशी देणंघेणं नाही, दहा सेकंदांनी कागद काढून घ्यायचा आणि विचारायचं, "हे कोण होते?" उत्तर "मोठे शास्त्रज्ञ होते" असं आलं तर मजकूर फसला. "पुण्यातली ती खगोलाची संस्था यांनी उभी केली" असं आलं तर साधलं. खर्डा वाचून घेतला की बहुतेक वेळा पहिलं उत्तर येतं, आणि दोष वाचणाऱ्याचा नसतो, वाक्याच्या रचनेचा असतो.

हाच परिचय सूत्रसंचालकाला वाचायला देताना थोडा बदलावा लागतो. डोळ्यांना एक शब्द वाटणारं (१९३८–२०२५) तोंडाने म्हणताना "एकोणीसशे अडतीस ते दोन हजार पंचवीस" होतं आणि पहिल्याच वाक्याची लय मोडतं. वाचनाच्या प्रतीतून ते काढतो, "संचालक" नंतर "होते" घालतो आणि शेवटचं वाक्यही पुरं करतो. सालं दोनाहून जास्त ठेवत नाही. पन्नास शब्द सावकाश वाचायला साधारण अर्धं मिनिट लागतं.

पत्रिका दोन भाषांत असेल तर मर्यादा कुठल्या भाषेची आहे ते सुरुवातीलाच विचारून घ्यावं. "पुण्यातल्या केंद्राचे" हे आपले दोन शब्द इंग्रजीत सांगायला पाच-सहा लागतात. मराठीत नेमके पन्नास झालेले शब्द इंग्रजीत गेले की सत्तरच्या घरात जातात, आणि मग अनुवाद करणारा स्वतःच्या मनाने काहीतरी गाळतो. अशा वेळी मराठी मजकुराचा अनुवाद न करता इंग्रजी परिचय त्याच पहिल्या वाक्यापासून वेगळा लिहावा.

आणि व्याख्यान विज्ञानकथेवर असेल, ग्रंथालयाने ठेवलेलं असेल, तर हा मजकूर तसाच उचलून चालणार नाही. दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर बदलतं. तिथे सुरुवात अशी होईल: "खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष." आयुका दुसऱ्या वाक्यात जाईल, सिद्धांत बहुधा पूर्ण गळेल, कथास्पर्धेच्या किश्शाला मात्र एखादं छोटं वाक्य मिळू शकेल, कारण त्या श्रोत्यांसाठी तो किस्सा नसून लेखनाचा आरंभ आहे. साहित्य अकादमी घ्यायचं ठरलं तर "आत्मचरित्रासाठी" या शब्दाभोवतीही पेन्सिलची चौकट आखायची.